‘जरा ऑर्गनाइज कर’: सत्तावीस ओळींच्या यादीच्या नोंदी

सोमवार, ७ जुलै

सकाळी दहाला ताईंचा मेसेज आला. १८ आणि १९ तारखेच्या कार्यशाळेची कामं, त्यांनी गेले पंधरा दिवस जिथे सुचेल तिथे टिपलेली, सगळी एकाखाली एक चिकटवलेली. खाली एकच वाक्य: ‘हे जरा ऑर्गनाइज कर ना.’ त्यानंतर ताई दिवसभर मीटिंगमध्ये. म्हणजे विचारायला कुणी नाही.

यादीतला मधला तुकडा जसा आला तसा इथे ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण यातच आहे:

बॅनर!!
पाहुण्यांचं तिकीट, हॉटेल, स्टेशनवर कोण
रिपोर्ट?
जेवणाचा आकडा गुरुवारपर्यंत
डोळ्यांची अपॉइंटमेंट
प्रिंटिंगवाले शनिवारी १२ ला बंद
हँडआउट ६०
मागचं बिल राहिलंय!!
बॅनर साइज हॉलवाल्यांना विचारणे
नवीन फोल्डर??

हात लावायच्या आधी प्रत्येक ओळीला क्रमांक दिला, १ ते २७. ही माझी जुनी सवय. यादी नीट लावताना होणारी सगळ्यात वाईट चूक म्हणजे एखादी ओळ गळणं, आणि ती गळली हे कुणालाच कळत नाही, कारण नवी यादी जुनीपेक्षा देखणी असते. क्रमांक असले की शेवटी बेरीज जुळवता येते.

मग नुसतं मोजलं. दोन ओळी दुबार होत्या (‘बॅनर!!’ आणि खाली कुठेतरी ‘बॅनर छापायला टाकणे’, तसंच प्रोजेक्टरचं). त्या एकात एक घातल्यावर २५. दोन ओळी कामंच नव्हती, माहिती होती: एक कुणाचा तरी फोन नंबर, दुसरी प्रिंटिंगवाल्यांची सुटी. उरल्या २३. पाहुण्यांची ओळ म्हणजे एका ओळीत तीन कामं, ती फोडल्यावर २५. तेव्हा हिशोब असा: २७ ओळी, २५ कामं, २ नोंदी. नोंदी फेकायच्या नाहीत. छापखाना शनिवारी बंद हे काम नसलं, तरी कामांना ढकलणारी गोष्ट आहे.

दुसरी मोजणी क्रियापदांची. नऊ ओळींना क्रियापदच नाही. ‘रिपोर्ट?’ म्हणजे लिहायचा, मागवायचा, वाचायचा की कुणाला द्यायचा? जमेल तिथे मी अंदाजाने क्रियापदं घातली. ‘मागचं बिल भरणे.’ ‘कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर करणे.’ ‘हँडआउट ६० प्रती छापून घेणे.’

तिसरी मोजणी तारखांची. फक्त सहा ओळींत दिवस किंवा वेळ आहे. किती वेळ लागेल हे एकाही ओळीत नाही.

दुपारभर डोक्यात एकच: ‘ऑर्गनाइज’ म्हणजे त्यांना नक्की काय हवंय? सारखी कामं एकत्र, की महत्त्वाप्रमाणे वरून खाली, की कोणत्या दिवशी काय? एकाच शब्दाखाली ही तीन वेगळी कामं लपलेली असतात आणि तिन्हींना लागणारा कच्चा माल वेगळा. विषयवार लावायला यादीतले शब्द पुरतात. क्रम लावायचा तर कुठलं काम थांबल्याने किती बिघडतं हे माहीत हवं, आणि ते ताईंच्या डोक्यात आहे. दिवसवार लावायला त्याहून दोन गोष्टी जास्त लागतात: प्रत्येक कामाचा वेळ आणि ताईंचे खरोखर मोकळे तास. माझ्याकडे आज यातलं फक्त पहिलं आहे. म्हणून विषयवार.

सोमवार, संध्याकाळ

पहिली मांडणी वस्तूंवरून केली. जागा ४, पाहुणे ४, छपाई ४, नोंदणी २, पैसे २, घरचं २, इतर ७. बेरीज २५, जुळली. पण ‘इतर’ सात! सगळ्यात मोठा गठ्ठा ‘इतर’चा असेल तर गठ्ठे पाडायची रेघच चुकीच्या जागी पडलेली असते. सात कामं परत वाचली. एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही. सगळी ‘कुणाला तरी काहीतरी विचारायचंय’ एवढ्याच जातीची.

मग रेघ बदलली. काम कशाबद्दल आहे हे सोडून ते करताना ताई कुठे असतील यावर आले. फोनवर ८, कॉम्प्युटरसमोर ७, बाहेर जाऊन ४, सरांचा होकार किंवा सही ३, घरचं २, इतर १. परत २५. हे बरं दिसलं. फोन हातात घेतला की आठ कामं एका बसणीत होतील. त्या उरलेल्या एकाला (‘रिपोर्ट?’) तसंच राहू दिलं. जे कळलेलं नाही ते उगाच कुठल्या तरी गठ्ठ्यात कोंबलं की ते कळलंय असा भास होतो.

साडेसहाला पाठवलं आणि घरी गेले. समाधानी होते, हे नोंदवून ठेवते.

मंगळवार, ८ जुलै

ताईंचं उत्तर: ‘मस्त दिसतंय. पण मग आता मी करू काय?’

दुसरी गंमत त्याहून वाईट. ताईंनी माझी यादी जशीच्या तशी सरांना पुढे पाठवली, ‘कामं कुठवर आली आहेत ते बघा’ म्हणून. त्यात ‘घरचं’ या मथळ्याखाली डोळ्यांची अपॉइंटमेंट आणि घरमालकाशी बोलणे, दोन्ही. सर काही बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, ‘अगं, ते तरी काढायचंस.’ चूक माझीच. यादी कोण कोण बघणार हे मी विचारलंच नव्हतं.

यावर थोडं थांबून विचार केला. विषयवार यादी बहुधा इतरांना दाखवायची असते, वाटून द्यायची असते, तेव्हा खासगी कामं तिच्यातून बाहेर काढायलाच हवीत. दिवसवार वेळापत्रकात मात्र ती आत असायलाच हवीत, कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणारा दीड तास ऑफिसच्याच दिवसातून जातो. एकच ओळ, एका मांडणीत नको आणि दुसरीत हवीच. ‘घरचं वेगळं ठेवावं का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही.

आता ‘मी करू काय’ कडे. माझ्या यादीत ‘जेवणाचा आकडा गुरुवारपर्यंत’ हे फोनच्या गठ्ठ्यात पाचवं होतं. त्याच्या वर ‘निवेदकाला फोन करून आभार’ होतं, जे पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल. विषयवार मांडणीत शेजारीशेजारी बसलेली कामं सारखी दिसतात, वजनाने मात्र ती सारखी नसतात. मुदत गठ्ठ्याच्या पोटात गडप होते. हा दोष ओळखायची सोपी खूण: यादी एका नजरेत बघा आणि विचारा, पहिली मुदत कुठली? बोट लगेच ठेवता आलं नाही तर यादी दिसायलाच नीट आहे.

म्हणून संध्याकाळी निदान एवढं केलं की तारखेच्या सहा ओळी उपटून सगळ्यात वर ठेवल्या. गठ्ठे खाली तसेच. पाच मिनिटांचं काम. ताई म्हणाल्या, ‘हां, हे कळलं.’ खरं तर हे कालच करायला हवं होतं.

बुधवार, ९ जुलै

आता क्रम. ताई वीस मिनिटं भेटल्या, सकाळी सव्वानऊला, चहाच्या आधी.

पहिला मोह: ताईंनी जिथे ‘!!’ केलंय ते वर. मोजलं तर पंचवीसपैकी अकरा कामांना ‘!!’ आहे. अकरा कामं पहिली असू शकत नाहीत. मी एकेक विचारत गेले तेव्हा कळलं की ताई ‘!!’ चिडल्यावर करतात. मागच्या बिलाला ‘!!’ आहे कारण हिशोबवाल्यांनी तीनदा फोन केला. पण ते बिल या महिनाअखेरीला भरलं तरी चालतं. खूण रागाची होती, मी ती घाईची म्हणून वाचली असती.

‘सगळ्यात महत्त्वाचं कुठलं?’ असं विचारून काही हाती लागत नाही, सगळंच महत्त्वाचं म्हणतात. आकडे द्यायला सांगितलं की सगळ्याला चार आणि पाच. मी प्रश्न बदलला: ‘हे आज नाही केलं, उद्या केलं, तर कोणाचं काय अडेल?’ यावर ताई खडाखड बोलल्या. बहुतेक कामांना उत्तर आलं ‘कोणाचंच नाही’. आठ कामांना नाव घेऊन उत्तर आलं. ती आठ वर.

मग मुदतीची ओळ. हे तंत्र कारखान्यांच्या कामाच्या नियोजनातून आलंय, जॅक्सन यांनी १९५५ मध्ये मांडलेलं: माणूस एक, कामं अनेक, तर ज्याची मुदत आधी ते आधी. असं लावलं की सगळ्यात जास्त उशीर होणाऱ्या कामाचा उशीर कमीत कमी राहतो. किती कामं हुकतील याबद्दल हा नियम काही सांगत नाही, फक्त सगळ्यात वाईट हुकण्याबद्दल बोलतो. आणि त्याची अट अशी की सगळी कामं आत्ता, या क्षणी सुरू करता येण्यासारखी हवीत. आपल्या यादीत नेमकं तेच नसतं. एक झाल्याशिवाय दुसरं हलत नाही.

बॅनरचं उदाहरण कागदावर काढलं, ते इथे उतरवते. बॅनर हातात हवा १७ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी. यादीतली मुदत म्हणजे तीच एक. छापखान्याला लागतात चार कामाचे दिवस. रविवारी ते बंदच, एरवी शनिवारी चालू असतात, पण १२ चा शनिवार बंद, ती नोंद होतीच. आता उलटं मोजायचं. सोमवारी १४ ला सकाळी दिलं तर सोम, मंगळ, बुध, गुरू, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी. एकही दिवस हाताशी नाही. एक दिवस राखायचा तर त्याआधीचा कामाचा दिवस, तो शनिवार नाही, म्हणून शुक्रवार ११, सकाळी. शुक्रवारी सकाळी द्यायचं तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत मजकुराला सरांचा होकार हवा. होकार हवा तर गुरुवारी दुपारपर्यंत मांडणी तयार हवी. मांडणी करायची तर माप हवं. माप हॉलवाल्यांकडे.

म्हणजे यादीत एकोणिसावी असलेली, एकही ‘!’ नसलेली, पाच मिनिटांच्या फोनची ‘बॅनर साइज विचारणे’ ही ओळ आजची आहे. आणि ज्या ‘बॅनर!!’ साठी ताई हैराण आहेत त्याला आज हातही लावता येत नाही.

ताईंनी तो कागद उलटा करून बघितला आणि तिथेच हॉलवाल्यांना फोन लावला. माप मिळालं: १० फूट बाय ४.

अशी दुसरी साखळी: नोंदणी आज रात्री बंद, मग माणसांचा आकडा, मग उद्या जेवणाचा आकडा, मग हँडआउटच्या प्रती. ‘नोंदणी फॉर्म बंद करणे’ ही ओळ ‘रिपोर्ट?’ च्याही खाली होती. महत्त्वाप्रमाणे लावलेल्या यादीचा हाच कच्चा दुवा असतो. वरचं काम खालच्या कामावर अडलेलं असतं आणि आपण वरच्याकडेच बघत बसतो. खूण ही की पहिल्या क्रमांकाचं काम उघडलं आणि पहिलंच वाक्य ‘आधी ... बघायला लागेल’ असं निघालं, तर क्रम चुकलाय. तेव्हा मागच्या कामाची मुदत पुढच्या कामाने ओढून आधी आणायची आणि मगच जॅक्सनसाहेबांचा नियम लावायचा.

नवा क्रम करून पाठवला. फक्त वरची आठ क्रमाने, बाकी सतरा खाली विनाक्रम. नवव्याच्या पुढे क्रम लावणं म्हणजे नुसती मनाची समजूत, कोणी तिथवर वाचत नाही.

गुरुवार, १० जुलै

काल आणि आज सकाळ मिळून आठ झाली. नोंदणी बंद, माणसं ५४. जेवणाचा आकडा गेला.

ताई खूश होत्या, म्हणून आता फर्माईश: ‘आता बुधवारपर्यंतचं रोजचं लावून दे. म्हणजे मला विचारच करायला नको.’

विचारच नको, हे ऐकून जरा धास्तीच वाटली. पण कच्चा माल मागितला. उरलेल्या १७ कामांना ताईंनी स्वतः वेळ सांगितली, मी लिहिली. एकूण १४ तास. मग मोकळे तास. ताई म्हणाल्या, ‘दिवसभर असतेच की मी.’ कॅलेंडर उघडलं. गुरुवारी ३ तास, शुक्रवारी ४, सोमवारी साडेतीन, मंगळवारी साडेपाच पण डोळ्यांचे दीड गेले म्हणून ४, बुधवारी ३. मिळून साडेसतरा. ‘एवढेच?’ असं ताई दोनदा म्हणाल्या.

साडेसतरात चौदा. कागदावर आरामात बसतं आणि म्हणूनच मी सावध झाले. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा एक अभ्यास आला होता. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. डोळे उघडावेत असा भाग पुढे आहे: सगळंच बिनसलं तर किती लागतील असंही विचारलं होतं, त्याची सरासरी होती ४८.६. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. प्रबंधाचे दिवस आणि ताईंचे अर्ध्या-पाऊण तासांचे फोन एका मापाचे नाहीत हे मला कळतं. पण साधारण १.६ पट हे गुणोत्तर मी धाक म्हणून वापरते. चौदाचे होतात २२.४. साडेसतरात बसत नाहीत, जवळजवळ पाच तास जास्त.

म्हणून वेळापत्रक मांडायच्या आधी काढायचं काय ते ठरवलं. ‘रिपोर्ट?’ (ताई म्हणाल्या, मागच्या कार्यशाळेचा लिहायचाय, दोन तास) कार्यशाळेनंतर. नवीन फोल्डर (एक तास) कार्यशाळेनंतर. हँडआउट लावून ठेवणं (एक तास) धाकट्या सहकाऱ्याकडे. उरले दहा तास, १.६ ने सोळा. साडेसतरात बसले, दीड तास शिल्लक.

हे काढणं हेच वेळापत्रकाचं खरं काम आहे असं मला वाटतं. विषयवार आणि क्रमवार यादीत कितीही कामं मावतात, कागद लांबवला की झालं. दिवसात मात्र मावत नाहीत, आणि कुठलं मावत नाही हे तेव्हाच कळतं. फोल्डरचं काढताना ताई फोनवर होत्या, मी कागदावर बोट ठेवलं, त्यांनी मान हलवली.

तास-तास आखून, सुबक चौकटी करून दिल्या. सोय म्हणून वाक्यंही छोटी केली, ताईंचे मूळ शब्द काढून माझे घातले.

शुक्रवार, ११ जुलै

वेळापत्रक साडेअकराला मोडलं.

सर काल संध्याकाळी निघून गेले होते, होकार न देताच. आज तीनपर्यंत बाहेर. साडेनऊची चौकट ‘बॅनर छापायला देणे’, ती रिकामी. दहाची ‘पाहुण्यांना तिकिटं पक्की करणे’: एका पाहुण्याने फोन उचलला नाही. साडेदहाला ताईंनी तिसरी चौकट सुरू केली पण मन पहिल्या दोनांत. साडेअकराला मला मेसेज: ‘सगळं कोलमडलंय, परत लावून दे.’

परत लावलं असतं तर दुपारी पुन्हा लावावं लागलं असतं. कुठे चुकलं ते बघितलं. उरलेल्या कामांपैकी पाच अशी आहेत की ती ताईंच्या हातात नाहीतच, दुसऱ्याच्या उत्तरावर आहेत. त्यांना चौकट देणं म्हणजे दुसऱ्याच्या दिवसात आपण वेळ बुक करणं. ‘तिकिटं पक्की करणे’ ही खरं तर दोन कामं: विचारून ठेवणे, आणि आलेल्या उत्तरावर करणे. पहिलं आपलं, त्याला वेळ देता येतो. दुसऱ्याला फक्त ‘वाट बघतोय’ म्हणून वेगळी जागा आणि एक तारीख, जिला पुन्हा टोकायचं.

म्हणून चौकटी पुसल्या. रोजच्या दिवसात घड्याळाची वेळ फक्त त्यांना ठेवली जी खरोखर घड्याळाला बांधलेली आहेत, उदाहरणार्थ डॉक्टरची वेळ. बाकी ‘आज ही तीन, या क्रमाने’. अडलं तर पुढचं घ्यायचं. खाली ‘वाट बघतोय’ मध्ये पाच ओळी, प्रत्येकीपुढे कुणाची वाट आणि कधी टोकायचं.

सर चारला आले. मजकूर बघितला, एक शब्द बदलला, होकार. छापखान्यात फाइल पोचली सव्वापाचला. छापखानेवाले म्हणाले, ‘आता दिवस सोमवारपासून मोजायचा.’ सोम, मंगळ, बुध, गुरू. गुरुवारी संध्याकाळी. बुधवारी कागदावर राखलेला तो एक दिवस इथे खर्ची पडला. राखला नसता तर आज आम्ही हात चोळत बसलो असतो.

सोमवार, १४ जुलै

आजची यादी एका पानाची. वर मुदतीची तीन. त्याखाली आजची तीन. मग उरलेली, फोनची एकत्र, कॉम्प्युटरची एकत्र. तळाला ‘वाट बघतोय’. नाही म्हणायला तिन्ही पद्धतींची खिचडीच आहे. पण प्रत्येकीला तिच्या जागी बसवलंय: क्रम आजच्यापुरता, तारीख जिथे खरी आहे तिथेच, आणि गठ्ठे उरलेल्या गर्दीसाठी.

ताईंना म्हटलं, पुढच्या वेळी यादी पाठवताना एक वाक्य जास्त लिहा. त्या म्हणाल्या, ‘तूच विचार ना, मला कुठे कळतंय मला काय हवंय ते.’ बरोबर आहे. मग प्रश्न लिहून ठेवला, फोनमध्येच: ‘आत्ता सुरुवात कुठून करायची हे हवंय, की पुढचे दिवस आखून हवेत, की नुसतं काही विसरायला नको एवढंच?’ तीनपैकी एक उत्तर येतंच, आणि ते दहा सेकंदांत देता येतं. ‘कसं लावू?’ असं मोघम विचारलं तर उत्तर येतं ‘कसंही लाव’.

विचारायला कोणी नसेल तर? तेव्हा पुन्हा विषयवारच लावीन, पण मुदती वर उपटून, आणि वर एक ओळ लिहून की ‘विषयाने लावलंय, क्रम हवा तर सांगा’. कारण चुकीचे गठ्ठे दिसतात आणि माणूस ते हलवतो. चुकीचा क्रम दिसत नाही. वरचं काम वर आहे म्हणजे कुणीतरी विचार केला असेल असं वाटतं आणि लोक मुकाट्याने त्याच्या मागे जातात.

यादीत सात-आठच कामं असतील तर यातलं काहीही करू नये. क्रियापदं घालावीत, तारखा पुढे घ्याव्यात, परत द्यावी.

गुरुवार, १७ जुलै

संध्याकाळी पावणेसातला बॅनर आला. १० बाय ४, सरांनी बदललेला शब्द बरोबर.

सव्वासातला ताई सामान मोजत होत्या. पेनं ६०, हँडआउट ६०, बिल्ले ५४. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आणि फोल्डर कुठे ठेवलेस?’

कुठले फोल्डर?

‘अगं, हँडआउट घालून द्यायचे. नवीन आणायचे होते ना, जुने फाटलेत. यादीत होतं की!’

होतं. विसावी ओळ, ‘नवीन फोल्डर??’. सात तारखेला मी तिच्यापुढे ‘कॉम्प्युटरवर’ लिहिलं, दहा तारखेला मूळ शब्द पुसले, आणि त्याच दिवशी ‘कार्यशाळेनंतर’ मध्ये टाकली. मी बोट ठेवलं तेव्हा ताईंना कागदावर दिसलं ‘फाइल आवराआवर, १ तास’. त्यांनी मान हलवली ती त्याला. बेरीज शेवटपर्यंत २५ जुळत होती.

धाकटा सहकारी गाडी घेऊन निघाला. आठला दुकानं बंद होतात. साडेआठला आला, चाळीस मिळाले. चौदा जुन्यांतले बरे निवडतोय आता.